एकाच घरात एकाला पास, एकाला तिकीट: एसटीने रोज २९ किलोमीटर जाणाऱ्या जोडप्याचा हिशेब

आमच्या बचत गटाची वही मी लिहिते. दर महिन्याच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की कुणाच्या तरी घरखर्चातली एखादी बाब आम्ही उलगडून बघतो. सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत निघालेली ही बाब. ज्यांची आहे त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावगाव देत नाही, त्यांना वहिनी आणि दादा म्हणते. रकमा आणि तारखा त्यांच्या तिकिटांवरून, हजेरीवरून आणि पासांवरून घेतल्या आहेत.

पार्श्वभूमी

दादा राज्य सरकारच्या कार्यालयात आहेत. बरीच वर्षं डोंबिवलीत काढल्यावर २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांची बदली आपल्या जिल्ह्याला झाली. कुटुंब तालुक्याच्या गावी जुन्या घरात राहायला आलं. कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, घराजवळच्या थांब्यापासून २९ किलोमीटरवर. वहिनींनीही तिथेच एका कापड दुकानात हिशेबाचं काम धरलं. दोघंही सकाळी एसटीने जातात आणि संध्याकाळी एसटीने येतात, फक्त वेळा वेगळ्या. दादांचा पाच दिवसांचा आठवडा. वहिनींना सुट्टी फक्त रविवारची.

एसटीचं भाडं टप्प्यांवर ठरतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. २९ किलोमीटरचे पाच टप्पे होतात. २५, २७ आणि ३० किलोमीटरचेही पाचच, आणि ३१ झाले की सहावा लागतो. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. त्यानंतर या मार्गावर साध्या बसचं पूर्ण तिकीट ५१ रुपये आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे, त्यामुळे वहिनींच्या तिकिटावर २६ रुपये येतात.

मासिक पासाचा नियम गावात सगळ्यांना तोंडपाठ आहे: वीस दिवसांचं भाडं भरा आणि तीस दिवस फिरा. त्रैमासिक पासाला पन्नास दिवसांचं भाडं भरून नव्वद दिवस मिळतात. दिवस म्हणजे एक जाणं आणि एक येणं. दादांच्या मार्गावर एका दिवसाचे १०२ रुपये होतात. म्हणजे मासिक पास २०४० रुपयांचा आणि त्रैमासिक ५१०० रुपयांचा. ओळखपत्राचा किरकोळ खर्च मी या हिशेबात धरलेला नाही.

गावी आल्याबरोबर दोघांनी १३ जूनला मासिक पास काढले. पुढचे १३ जुलैला आणि त्यानंतरचे १२ ऑगस्टला काढले. तीन महिन्यांत दोघांचे मिळून सहा पास झाले.

अडचण कशी लक्षात आली

तिसरा पास १० सप्टेंबरला, बुधवारी संपला. त्या आठवड्यात नवीन काढायला दोघांनाही सवड झाली नाही. गुरुवारी सकाळी वहिनी बसमध्ये बसल्या आणि वाहकाच्या हातात साठ रुपये ठेवले. त्याने यंत्रातून तिकीट काढून दिलं आणि वर चौतीस रुपये परत केले. बायकांना अर्धं तिकीट आहे हे वहिनींना माहीत नव्हतं असं नाही, सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण पास खिशात असल्यामुळे तीन महिन्यांत त्यांनी या मार्गावर एकदाही तिकीट काढलं नव्हतं. त्यामुळे ते अर्धं म्हणजे नेमकं किती, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी परत येताना पुन्हा २६. त्या रविवारी त्या बैठकीला आल्या त्या दोन्ही तिकिटं आणि संपलेला पास घेऊनच.

"ताई, दिवसाला बावन्न रुपये. मी पासाला दोन हजार चाळीस भरले. मग मी नक्की किती दिवस जायला हवं होतं?"

भागाकार तिथेच केला. २०४० भागिले ५२ म्हणजे एकोणचाळीस दिवसांच्या वर. पास मात्र तीस दिवसांचा. रविवार न पाळता, सणासुदीला न थांबता त्या रोज कामाला गेल्या असत्या तरी पासाचे पैसे निघाले नसते.

तीन महिन्यांचा मागचा हिशेब

दादांची कार्यालयातली हजेरी आणि वहिनींच्या दुकानातलं हजेरी पुस्तक, दोन्हींवरून आम्ही दिवस मोजले. दादा कधीकधी संध्याकाळी एका सहकाऱ्याच्या मोटरसायकलवरून येतात. म्हणून त्यांचे दिवस न मोजता फेऱ्या मोजल्या.

वहिनी तीन पासांच्या काळात २६, २५ आणि २२ दिवस गेल्या. एकूण ७३ दिवस. तिकिटं काढली असती तर ३७९६ रुपये झाले असते. पासांना भरले ६१२०. म्हणजे २३२४ रुपये जास्तीचे गेले.

दादांचं गणित जास्त विचार करायला लावणारं निघालं. पहिल्या पासात त्यांच्या ३९ फेऱ्या झाल्या, दुसऱ्यात ३८ आणि तिसऱ्यात ३२. मासिक पास वसूल व्हायला ४० फेऱ्या लागतात. म्हणजे तिन्ही पास तोट्यातच गेले, पहिले दोन थोडक्यात आणि तिसरा चांगलाच. १०९ फेऱ्यांची तिकिटं ५५५९ रुपयांची झाली असती, म्हणजे ५६१ रुपये जास्त गेले. दोघांचे मिळून तीन महिन्यांत २८८५ रुपये. वहिनींच्या पगारातून हे जवळजवळ हजार रुपये महिन्याला जात होते, आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

तिसरा पास इतका का पडला तेही पाहिलं. १२ ऑगस्ट ते १० सप्टेंबर या काळात सोमवार ते शुक्रवार असे २२ दिवस होते. त्यातून १५ ऑगस्ट, २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी आणि ५ सप्टेंबरची ईद गेली, उरले १९. घरी गणपती, म्हणून दादांनी दोन दिवस रजा घेतली, उरले १७. त्यात दोन संध्याकाळी मोटरसायकल. पास काढताना समोर दिनदर्शिका असती तर यातलं रजेसकट सगळं आधीच दिसलं असतं.

ही चूक झाली कशी

मी दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पास म्हणजे स्वस्तच, हे डोक्यात इतकं बसलं होतं की मोजावंसं वाटलंच नाही."

त्यांचं म्हणणं डोंबिवलीत अगदी बरोबर होतं. मुंबईच्या लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्याइतका असतो. जून २०१४ मध्ये तो तीस प्रवासांच्या भाड्यावर नेण्याचं जाहीर झालं होतं, पण त्यावर एवढा गदारोळ झाला की काही दिवसांतच ते मागे घेतलं गेलं. पंधरा एकेरी प्रवास म्हणजे आठवा दिवस. लोकलने नोकरीला जाणारा माणूस आठव्या दिवशी पास वसूल करतो आणि उरलेला महिना त्याच पासावर फिरतो. आजारी पडला, गावी गेला तरी तोटा होत नाही. तिथे हिशेब करत बसण्याची गरजच नसते.

एसटीत हाच उंबरठा चाळीस एकेरी प्रवासांवर आहे. पंधरा आणि चाळीस यांतला फरक दादांच्या लक्षात आला नाही, कारण दोन्हीकडे वस्तूचं नाव एकच, पास. शिवाय लोकलच्या साध्या तिकिटात बाईला वेगळं भाडं नाही, त्यामुळे नवरा-बायकोने सारखाच पास काढायचा ही सवय तिथूनच आली.

अंतराने काय बदलतं

बैठकीतल्या एका काकूंनी विचारलं, "माझा मुलगा अकरा किलोमीटर जातो. त्याला पास परवडेल का?" अंतर कमी म्हणजे पास नको, लांबचा प्रवास असेल तर पास घ्यावा, असं बहुतेकांना वाटतं. एसटीच्या पासापुरतं तरी ते खरं नाही. पासाची किंमतच त्याच मार्गाच्या तिकिटाच्या चाळीस पट असते, म्हणून अंतर दोन्ही बाजूंनी उडून जातं. दोन टप्प्यांचा प्रवास असो की दहा टप्प्यांचा, पूर्ण तिकीट काढणाऱ्याला मासिक पास ४० फेऱ्यांना बरोबरीत येतो आणि ४१ व्या फेरीपासून फायद्यात.

अंतरावर ठरतं ते चुकीचं मोल. दादांच्या ३२ फेऱ्या झाल्या, आठ कमी पडल्या, ५१ रुपयांनी ४०८ बुडाले. हाच खाडा दोन टप्प्यांच्या मार्गावर पडला असता तर याच्या निम्म्याहून कमी रक्कम गेली असती. दहा टप्प्यांवर आठशेच्या पुढे. फायद्याचंही तसंच. म्हणून मी काकूंना म्हटलं की तुमच्या मुलाने फार डोकं शिणवू नये, पण साठ किलोमीटर जाणाऱ्याने पास काढण्याआधी तारखा नक्की मोजाव्यात.

समोर असलेले पर्याय

वहिनींच्या बाबतीत पर्याय एकच उरला. तरी त्यांनी पासाच्या खिडकीवर जाऊन विचारलं की बायकांची निम्मी सवलत पासात मिळते का. ती तिकिटावर आहे, पासावर नाही, असं उत्तर मिळालं. त्रैमासिक पासाचाही विचार केला. ५१०० भागिले ५२ म्हणजे ९८ दिवस, आणि पास नव्वद दिवसांचा. दिवसातून एकच जाणं-येणं करणाऱ्या बाईला पूर्ण भाड्याचा पास कोणत्याही महिन्यात पुरा पडत नाही. दुपारी घरी जेवायला येऊन पुन्हा जाणारी कुणी असेल तर तिचा विचार वेगळा करावा लागेल.

तरी वहिनी तिकिटावर यायला लगेच तयार नव्हत्या, आणि त्यांचं कारण मला पटण्यासारखं वाटलं. पास असला की बसमध्ये नुसता दाखवायचा. तिकीट म्हटलं की रोज दोनदा सुट्टे पैसे. पन्नासची नोट दिली की वाहक कपाळाला आठ्या घालतो. मोबाइलवरून पैसे देता येतात, पण मधल्या खिंडीत नेटवर्क जातं आणि यंत्र फिरत राहतं. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर पासापेक्षा तिकिटांत ७४० रुपये वाचतात. हा त्रास तेवढ्या रुपयांचा आहे का, असं मी विचारलं. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "सुट्ट्यांचं मी बघते." दुकानाचा गल्ला त्यांच्याच हातात असतो. दर शनिवारी मालकांना विचारून त्या नोटा देऊन सुटे घेतात. हिंगाच्या रिकाम्या डबीत वीसची नोट, पाचचं नाणं, एकचं नाणं असे बारा जोड आठवड्याचे लागतात.

दादांसमोर तीन पर्याय होते. रोज तिकीट, मासिक पास किंवा त्रैमासिक पास. मासिकाला ४० फेऱ्या लागतात. पाच दिवसांच्या आठवड्यात तीस दिवसांत कामाचे दिवस असतात जेमतेम २१-२२, आणि त्यातून एक सुट्टी आणि एक रजा गेली की आपण कडेवर येतो. त्रैमासिकाला नव्वद दिवसांत १०० फेऱ्या लागतात, म्हणजे महिन्याला साधारण ३३. तिथे श्वास घ्यायला जागा आहे. मागचाच काळ घेतला तर, १३ जूनला त्यांनी एकच त्रैमासिक पास काढला असता तर १०९ फेऱ्यांवर तो ४५९ रुपयांनी फायद्यात गेला असता. फेऱ्या त्याच, बसही तीच.

हे ऐकून दादा म्हणाले, "मग उद्याच त्रैमासिक काढतो." दुसऱ्या दिवशी, १५ सप्टेंबरला सोमवार होता. इथे मी त्यांना थांबवलं.

निर्णयाचा खरा क्षण: केव्हापासून

भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढली. तिच्यावर दुधाचे खाडे मांडलेले होतेच, त्याच चौकटींत पेन्सिलीने आम्ही पुढचे खाडे मांडले.

१५ सप्टेंबरपासून नव्वद दिवस म्हणजे १३ डिसेंबर. त्यात सोमवार ते शुक्रवार ६५ दिवस. २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी. २१ ला लक्ष्मीपूजन, २२ ला पाडवा, ५ नोव्हेंबरला गुरुनानक जयंती. उरले ६१. दिवाळीच्या त्या आठवड्यातले बाकीचे तीन दिवसही दादा घरीच असणार होते. उरले ५८. ऑक्टोबरमध्ये पाच दिवसांचं प्रशिक्षण परगावी ठरलेलं होतं, ते धरून उरले ५३. आजारपण आणि लग्नकार्याचे दोन सोडले तर ५१. पास वसूल व्हायला ५० हवेत. आणि मोटरसायकलच्या आठ संध्याकाळी वजा केल्या तर ९४ फेऱ्या, म्हणजे ३०६ रुपये तोटा.

मग तोच पास दिवाळीनंतरच्या सोमवारपासून, २७ ऑक्टोबरपासून मांडून बघितला. तो संपतो २४ जानेवारीला. कामाचे दिवस तेवढेच, ६५. पण यादीतल्या सुट्ट्या फक्त दोन, ५ नोव्हेंबर आणि नाताळ. २६ जानेवारी पास संपल्यावर येते. रजेचे तीन सोडले तरी ६० दिवस उरतात. किंमत तीच ५१००, तिकिटांची रक्कम ६१२०. सहा आठवडे थांबण्याने नऊ दिवस वाढले.

मधल्या सहा आठवड्यांसाठी मासिक पास घ्यावा का, हेही पाहिलं. १५ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर यात २२ कामाचे दिवस, त्यातून २ ऑक्टोबर आणि प्रशिक्षणाचे पाच गेले की १६. वीसच्या खाली, म्हणून तिकीट.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट दिसली. ती मला आधी माहीत नव्हती. तीस दिवस म्हणजे चार पूर्ण आठवडे आणि वर दोन दिवस. हे वरचे दोन दिवस पास ज्या वारी सुरू होतो त्या वारावर ठरतात. सोमवार, मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी सुरू केला तर पाच दिवसांच्या आठवड्यात कामाचे २२ दिवस हाती येतात. शुक्रवारी किंवा रविवारी सुरू केला तर २१. शनिवारी सुरू केला तर फक्त २०, म्हणजे एकही सुट्टी न पडता नुसती बरोबरी. दादांचा पहिला पास शुक्रवारी सुरू झाला होता, दुसरा रविवारी. रविवारी त्यांना कुठे जायचंच नव्हतं. १३ जुलैऐवजी १४ जुलैला, सोमवारी पास सुरू केला असता तर तेवढ्याच पैशांत एक कामाचा दिवस जास्त मिळाला असता आणि त्या पासाच्या ३८ फेऱ्या बरोबर ४० झाल्या असत्या. आधीचा पास संपला की लगेच दुसऱ्या दिवसापासून पुढचा, ही साखळी तुटू द्यायला माणूस घाबरतो. पण मधे शनिवार-रविवार येत असेल तर ती तुटू देण्यातच पैसे वाचतात.

काय केलं

वहिनींनी १५ सप्टेंबरपासून पास बंद केला. दादांनी २४ ऑक्टोबरपर्यंत तिकिटं काढली आणि २७ ऑक्टोबरला त्रैमासिक पास घेतला. दोघांनी एकच शिस्त पाळली. घरी आल्यावर दिनदर्शिकेच्या त्या तारखेत एसटीच्या प्रत्येक फेरीला एक रेघ, दादांची निळी आणि वहिनींची लाल. मोटरसायकलने आले त्या दिवशी निळी रेघ एकच.

पास हातात आल्यावर दादांच्या वागण्यात एक बदल झाला, तो हिशेबात धरायला हवा होता. पूर्वी मोटरसायकलवरून आले की ते सहकाऱ्याला पेट्रोलचे तीस-चाळीस रुपये देत, म्हणजे तिकिटापेक्षा थोडी बचतच. पास असताना बसची फेरी फुकट आणि पेट्रोलचे पैसे मात्र वरचे. ते कळल्यावर मोटरसायकल जवळजवळ सुटली.

परिणाम

२७ ऑक्टोबर ते २४ जानेवारी या काळात दादांच्या ११३ फेऱ्या झाल्या. त्यांतल्या चार दोन शनिवारच्या आहेत, आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी जिल्ह्याला गेले तेव्हाच्या. पास नसता तरी त्या तिकीट काढून करायच्याच होत्या, म्हणून त्या मोजल्या. उगाच फिरायला गेलेली फेरी असती तर मोजली नसती. तिकिटं झाली असती ५७६३ रुपयांची, म्हणजे ६६३ रुपये वाचले. अंदाज हजाराचा होता. डिसेंबरात चार दिवस तापाने घरी राहिले आणि तीन संध्याकाळी तरीही मोटरसायकल झालीच.

त्याआधीच्या सहा आठवड्यांत त्यांच्या ३४ फेऱ्या झाल्या, १७३४ रुपये. एक मासिक पास २०४० चा पडला असता आणि तोही १४ ऑक्टोबरलाच संपला असता.

वहिनी १५ सप्टेंबर ते २४ जानेवारी या १३२ दिवसांत १०४ दिवस कामावर गेल्या. तिकिटांचे ५४०८ रुपये झाले. चार मासिक पास ८१६० चे झाले असते आणि तरी शेवटचे बारा दिवस मोकळेच राहिले असते. दिवस जास्त भरतात वहिनींचे, दादांचे कमी. तरी पास परवडतो दादांना. बैठकीत हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दोघी-तिघींनी पुन्हा मोजून बघितलं.

काय वेगळं करता आलं असतं

जूनमध्ये पास काढण्याआधी पहिले आठ-दहा दिवस नुसती तिकिटं काढून बघायला हवी होती. त्याने वहिनींचं २६ चं तिकीट पहिल्याच दिवशी समोर आलं असतं. नवीन जागी आल्यावर आपण नेमके किती दिवस जाणार, संध्याकाळी कशाने येणार, हे पहिल्या आठवड्यात कुणालाच ठाऊक नसतं, आणि पास काढायला तेव्हाच घाई होते.

दादांच्या त्रैमासिक पासात एक धोका होता आणि आम्ही तो पुरेसा बोललो नाही. ५१०० रुपये एकदम गुंतले. मधेच बदलीचा किंवा दुसऱ्या कार्यालयात प्रतिनियुक्तीचा आदेश आला असता तर उरलेले दिवस वाया गेले असते. त्या काळात तसं काही झालं नाही, पण एप्रिल-मेमध्ये बदल्या निघतात तेव्हा नव्वद दिवसांचा पास काढताना हे आधी विचारात घ्यायला हवं.

आजारपणाचे दिवस मी कमी धरले, हीही माझी चूक. तीन महिन्यांना रजेचे तीन दिवस हे तरुण माणसाला ठीक. दादांना पाच-सहा धरायला हवे होते. सुदैवाने दिवाळीनंतरच्या पासात तेवढी जागा होती. १५ सप्टेंबरच्या पासात नसती.

पुढचा पास

जानेवारी संपताना तोच प्रश्न पुन्हा आला. २६ तारखेचा सोमवार सुट्टीचा, म्हणून पास सुरू करायचा तर मंगळवारी, २७ जानेवारीला. तो २६ एप्रिलपर्यंत जातो. त्यात कामाचे ६४ दिवस, पण शिवजयंतीपासून आंबेडकर जयंतीपर्यंत यादीतल्या सात सुट्ट्या कामाच्या दिवशीच पडतात, उरतात ५७. आजारपण आणि रजेचे या वेळी पाच धरले, राहिले ५२. मी तिकीटच काढा म्हणत होते. दादांनी मार्चकडे बोट दाखवलं. आर्थिक वर्ष संपताना त्यांच्या कार्यालयात मार्चचे शनिवार भरावे लागतात, निदान तीन तरी. ते धरून ५५ दिवस, ११० फेऱ्या. त्यांनी पास काढला. वहिनींनी त्याच संध्याकाळी नव्या दिनदर्शिकेच्या २७ तारखेत दोन निळ्या आणि दोन लाल रेघा मारल्या.